ठिपका धरमपेठेत होता

या शहरात हाक न मारता आत शिरावं असं एकच घर मला उरलं होतं. धरमपेठेतलं, आमच्या जुन्या घरमालकीणबाईंचं. मी त्यांना वहिनी म्हणते, कारण आमचे हे त्यांच्या यजमानांना भाऊ म्हणायचे. खाली त्या, वर आम्ही, असे एकतीस वर्षं राहिलो. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतरानं गेले. माझा मुलगा पुण्याला गेला. मग संध्याकाळी मी जिना उतरून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याला टेकून ठेवलेलं लाकडी स्टूल ओढून बसायची. चपला कुठं काढायच्या, चहाचा डबा कुठला, हे विचारायची वेळ कधी आली नाही. ते घर मी एका दुपारी माझ्या हातानं घालवलं, आणि तेही फोन शोधताना. फोन मिळाला म्हणा.

मी भूमी अभिलेखच्या ऑफिसात नोकरी केली. जुन्या नकाशांवर पातळ कागद ठेवून शाईनं रेघ काढायची, हे माझं काम. पुढं सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तरी माझी नजर गेली नाही. लोक नकाशाची नक्कल घेऊन भांडायला यायचे तेव्हा मी आधी कागदाचा खालचा कोपरा दाखवायची. "मोजणीची तारीख पाहा आधी. नकाशा खोटा नसतो, तुम्ही जुना धरून बसता." किती जणांना असं फटकारलं असेल, देव जाणे. मला त्याचा भारी गर्व होता.

गेल्या हिवाळ्यात मी वरचा मजला सोडला. वहिनींच्या मुलाला तो लागत होता. त्यांनी मला जा असं कधी म्हटलं नाही, फक्त दोनदा म्हणाल्या, "पोट्ट्यांले आता जागा पुरून नाही राहिली वं." मी काय समजायचं ते समजले. वर्धा रोडकडे, वस्तीच्या टोकाला एका नव्या स्कीममध्ये फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिकडं सामान हलवलं. चार मजले, सोळा फ्लॅट, आणि दिवे लागायचे तीन. माझ्या मजल्यावर मी एकटीच. बाजूचे प्लॉट रिकामे, पलीकडं तुरीचं शेत. लिफ्टचं दार उघडलं की आवाज अख्ख्या इमारतीत फिरायचा, आणि मी उगीच कान टवकारायची की कोणी आलं का. कोण येणार होतं, डोंबलाचं!

सामान हलवल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मी वहिनींकडं शेवटची किल्ली द्यायला गेले. वरच्या बाथरूमची होती, राहून गेली होती. त्यांनी कोथिंबिरीची सांबारवडी तळायला घेतली होती. मी स्टुलावर बसून चार खाल्ल्या, पाचवी त्यांनी ताटात टाकली. "खाय ना वं, तिकडं कोण देणार हाय तुले?" असं म्हणून हसल्या. मीही हसले, पण ते मला लागलं. साडेअकराला ऑटो केला, रोख पैसे दिले, बाराला घरी पोचले. मग खोके फोडत बसले. हिवाळ्याच्या जाड रजया एका खोक्यात होत्या, त्या दिवाणाच्या पोटात भरल्या, वर गादी टाकली.

अडीच वाजता मुलाला फोन करावा म्हटलं तर फोन नाही.

एकट्या माणसाचा फोन हरवणं म्हणजे काय, हे भरल्या घरातल्यांना कळायचं नाही. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आपल्याला रिंग द्यायची, तर दुसरं कोणी नाही. खाली चौकीदाराकडं गेले. त्यानं बिचाऱ्यानं माझा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पेन्शनची बँक, गॅसचा नंबर, ओटीपी, सगळं त्या एका डबड्यात. वर येऊन मी पर्स उलटी केली, पिशवी उलटी केली, भाजीच्या टोपलीत पाहिलं, फ्रिजमध्येही पाहिलं. हसू नका, याआधी एकदा तिथं सापडला होता.

मुलानं मला एक टॅब देऊन ठेवला होता, व्हिडीओवर बोलायला. तो घरातल्या वायफायवर चालतो. त्यावरून त्याला गाठलं. तो ऑफिसात होता, कुजबुजत बोलला. "आई, घाबरू नको. टॅबवर तुझंच खातं हाय. फोन शोधायचं ॲप उघड."

उघडलं. माझ्या फोनचं नाव आलं, एक चक्र फिरलं, आणि नकाशा उघडला. काय सांगू, त्या क्षणी मला नोकरीचे दिवस आठवले! रस्ते, चौक, गल्ली, आणि गल्लीत एक ठिपका. ठिपका वहिनींच्या घरावर होता. अगदी घरावर. त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ होतं, त्यात त्यांचं घर आणि शेजाऱ्यांचं अर्धं अंगण येत होतं.

"कुठं दाखवून राहिलं?" मुलानं विचारलं.

"वहिनीच्या घरात."

"मग तिथंच राहिला असंल. वाजवून पाहा, वाजवायचं बटण हाय खाली."

दाबलं. फोनपर्यंत पोचता येत नाही, असं काहीसं आलं. मुलगा म्हणाला, म्हणजे तो बंद आहे, ही शेवटची दिसलेली जागा आहे, आणि त्याची मीटिंग सुरू होते आहे. गेला तो.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते, कारण दोष त्याचाच आहे. सकाळी वड्या खाताना फोन मी ओट्यावर ठेवल्याचं मला पक्कं आठवत होतं. उचलल्याचं आठवत नव्हतं. ठिपकाही तिथंच. आणि फोन बंद. मी तर बंद केला नव्हता. मग कोणी केला? ठिपक्याखाली बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहिल्या होत्या, शेवटचं कधी दिसलं ती वेळ आणि तेव्हा बॅटरी किती होती तो आकडा. मी त्या वाचल्या नाहीत. आयुष्यभर लोकांना नकाशाचा कोपरा दाखवणारी बाई मी, आणि कोपरा पाहिला नाही.

टॅबच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला, कारण बाहेर त्याला नेट नसतं. टॅब छातीशी धरून ऑटोत बसले. रस्ताभर एकच वाक्य मनात घोळत होतं, की बाई, घर घेतलंत ते घेतलंत, आता फोनही? इतका विखार माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. वरचा मजला सोडताना मी हसत पेढे वाटले होते, आणि पोटात हे साठवून ठेवलं होतं.

वहिनी दुपारची झोप काढून उठल्या होत्या. मुलगा-सून कामावर. मला पाहून म्हणाल्या, "काहून वं, सकाळीच तर गेली! करमून नाही राहिलं का?"

"फोन राहिला माझा इथं."

"इथं? नाही बाप्पा. असता तर दिसला असता ना मले." तरी त्या लगेच कामाला लागल्या. ओटा पाहिला, डब्यांच्या मागं पाहिलं, त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला. वर गेलो. रिकाम्या खोल्या, आमच्या फोटोंच्या जागी भिंतीवर उजळ चौकोन. मी तिकडं नीट पाहिलंही नाही. खाली आलो तेव्हा वहिनींना धाप लागली होती. त्या म्हणाल्या, "ऑटोत पडला असंल वं तुझा."

"ऑटोत नाही. इथंच हाय. हे पाहा." मी टॅब पुढं केला. "हे तुमचं घर. हा माझा फोन."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "मले नाही समजत हे."

"यात समजायचं काय हाय? नकाशा हाय तो. फोन घरात हाय आणि कोणीतरी बंद केला."

हे बोलताना माझा आवाज ऑफिसातला झाला होता. वहिनींनी चष्मा काढला.

"कोणीतरी म्हंजे कोण वं? घरात मी एकटी होती."

"मी कोणाचं नाव घेऊन नाही राहिली."

"मग काय करून राहिली?"

त्या वेळी "जाऊ द्या वहिनी, माझंच चुकलं" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पाच शब्द! पण मी टॅबवरचा ठिपका बोटानं मोठा करून पाहत बसले, जणू अजून मोठा केला तर आत फोन कुठल्या खोलीत आहे ते दिसेल.

वहिनींनी कमरेचा जुडगा काढला. आतल्या खोलीत गेल्या, लोखंडी कपाटाला किल्ली लावली आणि दोन्ही दारं उघडून बाजूला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाह्य."

आणि मी पाहिलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, मुलालाही नाही. हात घातला नाही, पण वाकून पाहिलं. लुगड्यांच्या घड्या, त्यांच्या यजमानांच्या चष्म्याचं घर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. वरचा कप्पा, मधला, खालचा. फोन नव्हता. मी सरळ झाले तेव्हा वहिनी माझ्याकडं पाहत नव्हत्या, खिडकीकडं पाहत होत्या. त्यांनी दारं लावली, किल्ली फिरवली. चहाचं त्या दिवशी कोणी बोललं नाही.

पुढचे दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून काढले. मुलगा टॅबवर रोज विचारायचा, सापडला का. ॲपमधून त्यानं फोन कुलूपबंद करायला लावला, सिम बंद करू या म्हणाला. मी म्हटलं थांब, ठिपका हलतो का पाहू. तासातासाला टॅब उघडून पाहायची. ठिपका हलत नव्हता. आणि मला, खरं सांगते, तेही आवडत होतं. ती गल्ली, तो चौक, ते घर पडद्यावर दिसायचं. या इमारतीत मला दुसरं काही पाहायला नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे थंडी वाढली. एका रजईनं भागेना. सकाळी उठून गादी सरकवली, दिवाणाची फळी उचलली, दुसरी रजई ओढली, आणि घडीतून फोन घरंगळून माझ्या पायावर पडला.

मी तिथंच जमिनीवर बसले. आनंद वगैरे काही झाला नाही. फोन चार्जिंगला लावला. पंधरा मिनिटांनी सुरू केला. मग टॅब घेऊन ते ॲप उघडलं, म्हटलं आता तरी ठिपका इकडं येईल. चक्र फिरलं. वेळ आली, "आत्ता". आणि ठिपका? धरमपेठेत! वहिनींच्या घरावर! फोन माझ्या हातात, मी वर्धा रोडला, आणि नकाशा म्हणतो मी अजून वरच्या मजल्यावर आहे.

मुलाला लावला. तो आधी हसला, मग त्याचं हसू थांबलं. "आई, वायफायचा डब्बा तू जुनाच आणला ना तिकडं?"

जुनाच आणला होता. कंपनीच्या माणसानं तोच इथं लावून दिला होता.

त्यानं समजावलं ते असं. उघड्यावर फोनला आकाशातून जागा कळते. घरात, छताखाली ते जमत नाही, तेव्हा तो आजूबाजूला कोणकोणते वायफाय आहेत ते पाहतो आणि त्यांच्यावरून अंदाज बांधतो. कुठला डबा कुठं आहे याची नोंद कंपन्यांनी आधीच करून ठेवलेली असते. माझ्या डब्याची नोंद कैक वर्षं धरमपेठेतली. मी डबा उचलून आणला, पण नोंद बदलायला वेळ लागतो. भरल्या वस्तीत शेजाऱ्यांच्या दहा डब्यांनी त्याला खोटं पाडलं असतं. माझ्याभोवती शेजारीच नव्हते. एकच डबा, तो जुना पत्ता सांगत होता, आणि फोननं त्याचं ऐकलं.

"टॅबचं लोकेशन तू बंद ठेवतेस, नाही तर तूही तिथंच दिसली असतीस," तो म्हणाला.

मला तेव्हा आठवलं, दोनच दिवसांपूर्वी... नाही, फोन हरवायच्या आदल्या दिवशी, मी ॲपवरून ऑटो बोलावला होता आणि त्या माणसानं मला झापलं होतं, "बाई, मी धरमपेठेत तुमच्या दारापुढं उभा हाव, तुम्ही कुठं हाय?" मी त्यालाच मूर्ख ठरवून फोन आपटला होता.

मग मुलानं विचारलं, "त्या दिवशी शेवटचं कधी दिसलं होतं, वेळ काय होती?" मी पडद्याचा तो फोटो उघडला. बारीक अक्षरं. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. बॅटरी तीन टक्के. एक वाजून वीस मिनिटांनी मी इथं, या खोलीत, रजया भरत होते. फोन माझ्यापाशीच होता आणि रजईच्या घडीत आपल्या मरणानं मेला. कोणी बंद केला नव्हता. सगळं त्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

मी फोन घेऊन गॅलरीत गेले, उघड्यावर धरला. मिनिटभरानं टॅबवरचा ठिपका उडाला आणि तुरीच्या शेताशेजारी, माझ्या इमारतीवर येऊन बसला. आत आले की थोड्या वेळानं पुन्हा धरमपेठेत. दोन-तीनदा करून पाहिलं. मग मी गॅलरीतच बसून रडले. मोठ्यानं रडले, ऐकायला कोण होतं!

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. त्याच दिवशी दुपारी गेले. संत्री घेतली, उगीच काहीतरी हातात हवं म्हणून. फाटकातून आत शिरले, सवयीनं उजवीकडं स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले, तर वहिनी समोरच्या दारात आल्या होत्या.

"या," म्हणाल्या. "बसा."

समोरच्या खोलीत. सोफ्यावर. एकतीस वर्षांत मी त्या सोफ्यावर हळदीकुंकवालासुद्धा बसले नव्हते, आत वाटण करायला असायची. मी सगळं सांगितलं. दिवाण, रजई, डब्याची नोंद, एक वाजून वीस मिनिटं. शेवटी म्हटलं, "वहिनी, मले माफ करा. माझी अक्कल गहाण पडली होती."

"मिळाला ना फोन? झालं तर," त्या म्हणाल्या. "होते असं." रागाचा एक शब्द नाही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी त्यांच्या पाया पडले असते आणि आत जाऊन चहा टाकला असता. आत गेल्या त्या एकट्याच. भांड्यांचा आवाज आला. मी उठले नाही, कारण उठायचं की नाही हेच मला कळेना. त्या ट्रे घेऊन आल्या. पाहुण्यांचे कप, बशीसकट, शेजारी दोन बिस्किटं. तब्येतीचं विचारलं, मुलाचं विचारलं, तिकडं पाणी येतं का विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. चहात साखर होती. मी बिनसाखरेचा पिते हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत नाही. मी तो सगळा प्याले.

निघाले. फाटकापर्यंत आले आणि मागून आवाज आला, "थांबा." वाटलं, बोलावलं मला. वहिनी जिन्याखालून येत होत्या, हातात माझी कापडी पिशवी. सोफ्यावर विसरले होते मी.

त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून माझ्यापुढं धरली.

"पाहून घ्या," म्हणाल्या, "सगळं हाय ना."

मी म्हटलं, "वहिनी, असं नका ना करू."

त्या तशाच उभ्या राहिल्या, पिशवी उघडी धरून. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माझ्याकडून खात्री करून हवी होती. मग मी वाकून पिशवीत पाहिलं. फोन, पाकीट, घराची किल्ली. म्हटलं, "हो, सगळं आहे."

त्यांनी पिशवी दिली आणि फाटकाची कडी लावून घेतली.